रात्री कामाला बोलावलं की स्टँडबायचा रेट तिथंच थांबतो

प्रश्न : सर, मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट आणि पगाराचं बघते. आमच्या इलेक्ट्रिशियनला दिवसाची ड्युटी झाल्यावर रात्री १० ते सकाळी ६ घरी स्टँडबाय असतो, तासाला २५ रुपये. मागच्या बुधवारी रात्री १ ला फोन गेला, दीडला तो आला, ४ पर्यंत काम केलं, साडेचारला घरी पोचला. मालक म्हणतात रात्रीचे २०० दिलेत की, परत कशाला? तो म्हणतो ओटी पण द्या आणि २०० पण पूर्ण द्या. पगार बेसिक-डीए मिळून २०,८००, रोज ८ तास, रविवार सुट्टी. नक्की किती लावू?

उत्तर :

ताई, दोघंही चुकतायत, पण मालक जरा जास्तच. आकडा हवा असेल तर आधी तोच घ्या, त्या रात्रीचे कमीत कमी ६३७ रुपये ५० पैसे होतात, आणि माझं ऐकाल तर ७१२.५०. कसे ते आता सांगतो, कारण मालकासमोर नुसता आकडा ठेवला तर ते फाईल बंद करून चहा मागवतील.

पहिली गोष्ट म्हणजे ते २५ रुपये कशाचे आहेत ते बघा. ते कामाचे नाहीतच. माणूस घरी आहे, जेवतोय, झोपलाय, पोरांचा अभ्यास घेतोय, फक्त फोन चालू ठेवायचा, प्यायचं नाही आणि गाव सोडून जायचं नाही एवढंच बंधन आहे, त्या बंधनाचे ते २५ रुपये. म्हणूनच तो रेट कमी असला तरी चालतो. रिक्षा दारात उभी केली की वेटिंगचा रेट वेगळा आणि चाक फिरायला लागलं की वेगळा, पण कुठला रिक्षावाला सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत वेटिंगच्या पैशात सोडतो का? रात्री १ ला फोन गेला तेव्हा वेटिंग संपलं.

आता २५ रुपयांत काम धरायचं म्हटलं तर ते किती होतं बघा, ८ तासांचे २०० आणि २६ दिवसांचे ५,२००. कुशल कामगाराला कामाच्या तासाला हा रेट दाखवला तर महाराष्ट्रातल्या किमान वेतनाच्या पार खाली जातो. म्हणजे मालकांचं म्हणणं जसंच्या तसं पगारपत्रकावर लिहिलं तर कारखान्याने स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं होईल की आम्ही किमान वेतनापेक्षा कमी देतो. हे त्यांना जरूर सांगा, बाकी काही पटलं नाही तरी हे पटतं.

मग कामाचे किती? २०,८०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ८००, त्याला ८ ने भागलं की तासाचे १००. तो सोमवार ते शनिवार रोज ८ तास करतो, म्हणजे आठवड्याचे ४८ तास नेहमीच्या ड्युटीतच भरले. त्यावर जे काही होईल ते ओव्हरटाइम आणि ओव्हरटाइम दुप्पट, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात कलम ५९ मध्ये तसंच होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नवीन लेबर कोडमध्येही दुप्पटच आहे, तिथं काही बदललेलं नाही. तर दीड ते चार म्हणजे अडीच तास, २०० च्या रेटने ५०० रुपये. रात्रीचे ८ तास होते, त्यातले अडीच कामात गेले, राहिले साडेपाच, ते २५ ने १३७.५०. झाले ६३७.५०.

इलेक्ट्रिशियन ७०० मागतोय, म्हणजे ५०० अधिक अख्खे २००. तो एकाच अडीच तासाचे दोन्ही रेट धरतोय. तसं द्यायला कायद्याची आडकाठी नाही, काही कंपन्या स्टँडबाय हा रात्रीचा ठोक भत्ता म्हणून देतात आणि कॉल-आउट त्याच्यावर वेगळा देतात, हिशोबाला पण ते सोपं. पण तुमच्याकडे तासाला २५ असं ठरलंय, ठोक रात्रीचे २०० असं नाही, त्यामुळे ज्या तासाला काम केलं त्या तासाचं स्टँडबाय कापलं तर अन्याय होत नाही. तुमच्या नेमणूकपत्रात किंवा नोटिशीत नेमके शब्द काय आहेत ते मात्र काढून बघा. 'रात्रीचा भत्ता २००' असं लिहिलं असेल तर तो बरोबर आणि तुम्ही कापू शकत नाही.

उलटी चूक पण होते, ती जास्त बघितलीय मी. मालक म्हणतात बरं बाबा ओटी ५०० देतो, पण २०० आधीच दिलेत ते वजा करा, म्हणजे ३०० द्या. इथं थांबवायचं. वजा फक्त त्या अडीच तासांचे ६२.५० होऊ शकतात. बाकी साडेपाच तास तो खरंच फोन उशाला घेऊन बांधलेला होता, ते पैसे त्या वेळेचे आहेत, कामाच्या वेळेतून ते कसे कापणार?

आता प्रवास. १ ला फोन, दीडला गेटवर, परत जायला अर्धा तास. रोज सकाळी कामावर यायच्या प्रवासाचे पैसे कोणी देत नाही हे बरोबर, पण रोजचा प्रवास आणि रात्री १ वाजता अंथरुणातून उठून अक्कलकोट रोडला ट्रकच्या मधून गाडी मारत येणं एक नाही. आपल्याकडे कॉल-आउटच्या प्रवासाबद्दल कायद्यात असं कलम नाही की बोट ठेवून दाखवावं, त्यामुळे हे तुम्ही धोरणात ठरवायचं. मी सुचवतो ते असं की फोन आल्यापासून घरी पोचेपर्यंत स्टँडबाय बंद, जाण्यायेण्याचा वेळ साध्या रेटने आणि प्रत्यक्ष काम दुप्पट रेटने. मग त्या रात्री स्टँडबाय १० ते १ चे तीन तास आणि साडेचार ते सहाचा दीड तास, एकूण साडेचार तासांचे ११२.५०, प्रवासाचा एक तास १००, काम ५००. ७१२.५०. गंमत बघा, हे त्याने मागितले त्यापेक्षा साडेबारा रुपयांनी जास्तच आहे, आणि तरी हिशोब स्वच्छ आहे, कुठला तास दोनदा धरलेला नाही.

मालकांना हे महाग वाटेल. त्यांना सांगा की रात्रपाळीला वेगळा इलेक्ट्रिशियन ठेवला तर अजून एक २०,८०० महिन्याला जातील, शिवाय बहुतेक रात्री तो खुर्चीत बसून राहील. आता ५,२०० मध्ये तयारी मिळतेय आणि काम निघालं तर तेवढ्यापुरतं वरचं. डाईंगची बॅच अर्ध्यात अडकली आणि शेड बसली नाही तर त्या लॉटचं नुकसान किती होतं ते मालकांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

पुढचा मुद्दा बारीक आहे पण पगार करणाऱ्यालाच कळतो, तो म्हणजे तारीख. तुम्ही 'बुधवारी रात्री' म्हणताय, सगळेच तसं म्हणतात, पण जुन्या फॅक्टरी ॲक्टात दिवस म्हणजे मध्यरात्रीपासूनचे २४ तास असंच होतं. रात्री दीडचं काम गुरुवारचं आहे. मस्टरवर ते गुरुवारी चढवा. बुधवार काय गुरुवार काय, आठवडा तोच, पैसे तेवढेच, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण हेच शनिवारी रात्री झालं तर? आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीला संपतो, म्हणजे रात्री दीडचं काम रविवारचं, नव्या आठवड्यातलं, आणि वर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचं. मग त्याला बदली सुट्टी द्यायचा प्रश्न येतो. आणि त्या नव्या आठवड्यात त्याने एखादी रजा घेतली तर ४८ भरणार पण नाहीत. तेव्हा ओटी आठवडा संपल्यावर फायनल करा, त्या रात्रीच घाईने करू नका. रजेच्या आठवड्यात कायद्याने ओटी कमी बसत असला तरी मी म्हणेन कॉल-आउटला दुप्पट रेट कायमच ठेवा, दोनतीनशे रुपयांसाठी दर वेळी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि माणूस रात्री फोन उचलायचा बंद होईल ते वेगळंच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण ती लवकरच येईल. एखाद्या रात्री तो अर्धा तास गाडी मारून येईल, पॅनेल उघडेल, एमसीबी ट्रिप झालेला असेल, वर करेल आणि १० मिनिटांत परत. १० मिनिटांचे दुप्पट रेटने झाले ३३ रुपये, आणि झोप मोडली ती मोडलीच. म्हणून जिथं नीट धोरण असतं तिथं कॉल-आउटला किमान तास ठरवतात, बाहेरच्या देशांत दोन ते चार तासांची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे सक्ती नाही. तुमच्या आकाराच्या कारखान्याला दोन तास पुरे, म्हणजे एकदा गेटच्या आत आला की कमीत कमी दोन साध्या तासांचे २०० तरी मिळतील, काम जास्त झालं तर प्रत्यक्ष ओटी. फक्त लक्षात ठेवा, न केलेले तास पैशात धरायचे, ४८ तासांच्या बेरजेत धरायचे नाहीत. आणि त्या दोन तासांच्या आत परत बोलावलं तर नवीन किमान सुरू होत नाही, हे पण आधीच लिहा, नाहीतर पुढचा वाद तोच.

काहीजण हे सगळं टाळायला प्रत्येक कॉलला ठोक ५०० ठरवतात. चालेल, पण अडीच तासांपर्यंतच. चार तास लागले तर ओटीच ८०० होतो, मग ५०० देऊन सुटका नाही, फरक द्यावाच लागतो. ठोक रक्कम ओटीपेक्षा जास्त असू शकते, कमी असू शकत नाही.

फोनवरच मिटलं तर? सुपरवायझरने व्हिडिओ कॉल लावला, याने अंथरुणात बसून सांगितलं की तो काँटॅक्टर बघ, तो रिले बघ, २० मिनिटं गेली. ते पण काम आहे. मिनिटं मोजा आणि पंधरा पंधराच्या टप्प्याने वर धरून ओटीत घ्या. प्रवास नाही, किमान दोन तास नाहीत, पण शून्य पण नाही.

आता एक धोक्याची सूचना. आत्ता २५ चा रेट टिकतोय कारण तो घरी आहे आणि यायला अर्धा तास मिळतो. उद्या मालक म्हणाले कारखान्यातच झोप, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये खाट टाकतो, तेव्हा गणित बदललं. तिथं तो स्वतःच्या मर्जीने काहीच करू शकत नाही, मग ते थांबणं पण कामच आहे असं म्हणायला भरपूर आधार आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्ये कारखान्यात आग विझवायला थांबवून ठेवलेल्या कामगारांच्या केसमध्ये हेच धरलं होतं, ते तिथं वेळ घालवायला पत्ते वगैरे खेळायचे तरी. आणि युरोपच्या न्यायालयाकडे बेल्जियमच्या एका फायरमनची केस गेली, तिचा निकाल २०१८ चा, तो घरीच असायचा पण ८ मिनिटांत स्टेशनला पोचायचं बंधन होतं, तर कोर्ट म्हणालं घरी असला तरी हा कामाचाच वेळ. त्याच निकालात मात्र हे पण आहे की त्या वेळेचा पगार किती हे युरोपचा तो नियम ठरवत नाही, ते प्रत्येक देशाने बघायचं. हे निकाल आपल्या कोर्टांना बांधील नाहीत, पण वाद गेलाच तर वकील असलेच मुद्दे काढतात, किती मिनिटांत यायचं, किती वेळा बोलावतात, मधल्या वेळेत माणूस स्वतःचं काय करू शकतो. म्हणून '१० मिनिटांत हजर' असलं काही नोटिशीत लिहू नका, अर्धा-पाऊण तास ठेवा. आणि रोज रात्री तोच एकटा नको, गड्ड्याच्या यात्रेला सुद्धा बायकापोरांना घेऊन निवांत जाता येत नसेल तर ती वेळ त्याची कसली? दुसऱ्या फिटरला तयार करा आणि आठवडे वाटून द्या.

ईएसआयचं पण बघा, हे बहुतेक तुमच्या ध्यानात आलेलं नसेल. २०,८०० म्हणजे २१,००० च्या मर्यादेला अगदी लागून. मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. पण स्टँडबाय भत्त्याला ती सूट आपोआप मिळत नाही, आणि महिन्याला ५,२०० पर्यंत तो जातोय. कॉल-आउटचे पैसे पण तुम्ही स्टँडबायच्याच कॉलममध्ये ढकलले तर त्याचा पगार उगाच फुगलेला दिसेल आणि कार्ड जायची वेळ येईल. म्हणून पगाराच्या स्लिपवर दोन ओळी वेगळ्या, 'स्टँडबाय भत्ता' एक आणि 'कॉल-आउट ओटी' दुसरी, आणि भत्त्याचं कसं धरायचं ते तुमच्या पीएफ-ईएसआय कन्सल्टंटला ह्याच महिन्यात विचारा. रात्री येताना रस्त्यात अपघात झाला तर विमा असलेल्या कामगाराला ईएसआयमध्ये घर ते कामाची जागा हा प्रवास धरलेला आहे, पण तो कामावरच निघाला होता हे दाखवावं लागतं. सुपरवायझरने नुसता तोंडी फोन केला आणि नोंद कुठंच नाही, तर घरच्यांनी दाखवायचं काय?

म्हणून नोंद. फार काही लागत नाही, एक वही. फोन कधी केला, कोणी केला, बिघाड काय, गेटवर कधी आला, काम कधी संपलं, आणि खाली दोघांच्या सह्या. सुपरवायझरने फोन करून झाला की ग्रुपवर एक मेसेज टाकायचा, त्याची वेळ आपोआप राहते. सिक्युरिटीच्या गेट रजिस्टरशी महिनाअखेर ताडून बघा. घरी पोचल्याची वेळ तो स्वतः मेसेज करेल, त्यात पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं झाली तर मनावर घेऊ नका.

आणि दुसऱ्या दिवशीचं. पहाटे साडेचारला घरी गेलेला माणूस सकाळी परत नेहमीच्या टायमाला लाईव्ह पॅनेलमध्ये हात घालणार असेल तर मला पैशापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. मध्यरात्रीनंतर दोन तासांपेक्षा जास्त काम झालं तर दुसऱ्या दिवशी तेवढेच तास उशिरा यायची मुभा द्या, पगार न कापता. कापलात तर ओटी एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं आणि मग तो बिचारा डोळे चोळत वेळेवरच येणार.

मालक 'तो मेंटेनन्स इन्चार्ज आहे, त्याला ओटी नसतो' असं म्हणण्याची शक्यता आहे. स्वतः टेस्टर घेऊन मोटर खोलणारा माणूस नुसत्या हुद्द्याने सुपरवायझर होत नाही, काम काय करतो ते बघतात.

राहिला मागचा हिशोब. ही बुधवारची रात्र पहिली नसणार, आधीच्या कॉलचे पण २०० मध्येच गुंडाळले असतील. नवीन वेतन संहितेत कामगाराला क्लेम करायला तीन वर्षांची मुदत आहे आणि प्राधिकरण मूळ रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतं. मालकांना ही ओळ घाबरवायला म्हणून नको, माहिती म्हणून सांगा. आणि त्याआधी गेट रजिस्टरच्या जुन्या वह्या काढा, रात्री १० नंतर त्याची एन्ट्री कुठंकुठं आहे ते बघा, प्रत्येक रात्रीचा ह्याच पद्धतीने फरक काढा आणि पुढच्या पगारात 'मागील फरक' म्हणून एकदम टाका. वह्या जुन्या झाल्या की सिक्युरिटीवाले रद्दीत देतात, तेव्हा हे काम ह्याच आठवड्यात.